भाव पडले की कर्ज का फुगतं?

प्रश्न: ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, तेव्हा टीव्हीवर एक जण म्हणाले की दर शून्याखाली गेला तर ते महागाईपेक्षा वाईट. वस्तू स्वस्त होणं वाईट कसं? मोबाइल दरवर्षी स्वस्त होतात, तरी लोक घेतातच की. आणि माझं कर्ज वीस लाखांचं आहे ते वीस लाखच राहणार ना, मग ते जड कसं होईल?

उत्तर:

वीस लाख वीस लाखच राहतात, घोळ तिथेच आहे. कर्जाचा आकडा करारात रुपयांत लिहिलेला असतो आणि बाजारात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो फेडायचे रुपये मात्र तुम्ही बाजारातूनच आणता. शेतकरी माल विकून आणतो, दुकानदार गल्ल्यातून आणतो, तुम्ही पगारातून आणता. सगळ्याच गोष्टींचे भाव उतरायला लागले की उत्पन्नही उतरतं. एक बाजू खाली येते आणि दुसरी जागची हलत नाही.

मोबाइलचं उदाहरण इथे लागू पडत नाही. मोबाइल स्वस्त होतो कारण तो बनवणं स्वस्त झालं. त्याने तुमचा पगार कमी होत नाही. उलट वाचलेले पैसे तुम्ही दुसरीकडे खर्च करता. चलनघट म्हणजे अशी एखादी वस्तू स्वस्त होणं नव्हे. घरभाडं, मजुरी, जमीन, शेतमाल, कारखान्याचा माल, सगळ्यांचे भाव एकत्र आणि बराच काळ घसरत राहणं, हे चलनघटीचं रूप. त्यात कोणाचा तरी पगार आणि कोणाचा तरी नफा असतोच.

मी बँकेत कर्जविभागात काम करून निवृत्त झालो. त्यामुळे खर्च थांबण्याबद्दल थोडक्यात सांगतो आणि कर्जाबद्दल जरा सविस्तर.

"उद्या स्वस्त मिळेल म्हणून लोक आज घेत नाहीत" हे कारण सगळीकडे पहिलं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण त्याला गरजेपेक्षा जास्त भाव मिळालाय. ते कुठवर खरं आहे हे आपण नुकतंच पाहिलं. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. छोट्या गाड्या, एसी, मोठे टीव्ही यांच्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार हे लोकांना आधीच कळलं होतं. मधल्या काळात गणपती आले. आपल्याकडे गणपतीला गाडी दारात आणायची हौस असते, तरीही अनेकांनी "नवरात्रातच घेऊ" म्हणून बुकिंग पुढे ढकललं, आणि नवरात्र लागताच शोरूममध्ये गर्दी उसळली. मात्र त्या पाच आठवड्यांत डाळ, दूध, औषधं, पेट्रोल घ्यायचं कोणी थांबलं नाही. वाट पाहिली गेली ती ज्याच्याशिवाय महिनाभर चालतं आणि ज्यात हजारो रुपये वाचतात अशाच वस्तूंची.

तिथे दोन गोष्टी सोयीच्या होत्या. तारीख ठरलेली होती आणि भाव एकदाच उतरणार होते. चलनघटीत ती तारीख येतच नाही. पुढच्या वर्षी आणखी उतरेल असं प्रत्येक वर्षी वाटत राहतं. तरीसुद्धा वर्षाला टक्काभर घसरणीसाठी फ्रिज घ्यायचं कोणी थांबवत नाही. जपानमध्ये नव्वदीच्या अखेरीपासून बरीच वर्षं भाव असे टक्का-अर्धा टक्का घसरत होते, तरी लोक टीव्ही-फ्रिज घेतच होते.

वाट खरी पाहतो तो कारखानदार. समजा, तुम्ही नऊ टक्क्यांनी कर्ज काढून यंत्र बसवायचं म्हणताय आणि तुमच्या मालाचा भाव वर्षाला चार टक्क्यांनी उतरतोय. व्याज कागदावर नऊ टक्के, पण मालात मोजलं तर ते साडेतेराच्या पुढे जातं. शिवाय तेच यंत्र पुढच्या वर्षी स्वस्त मिळणार. मग आज कोण ऑर्डर देईल? ऑर्डर नाही म्हणून यंत्र बनवणाऱ्याकडे काम नाही, काम नाही म्हणून ओव्हरटाइम बंद, आणि मग त्याचा कामगार फ्रिज घ्यायचं थांबवतो. फ्रिज स्वस्त होईल म्हणून नव्हे, तर नोकरी टिकेल की नाही याची खात्री नाही म्हणून. खर्च गोठतो तो बहुतेक या वाटेने. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो सगळ्यात आधी हात आखडतो.

आता कर्ज. याचं सगळ्यात स्पष्ट चित्र अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात दिसतं, त्यातही आयोवासारख्या मक्याच्या राज्यात. तिथे १९२० च्या आसपास शेतजमीन एकरी अडीचशे डॉलरच्या पुढे गेली होती. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव होता, तो तसाच राहील या हिशेबाने लोकांनी जमीन गहाण ठेवून आणखी जमीन घेतली. पुढे १९२९ मध्ये मक्याला बुशेल या तिथल्या धान्याच्या मापामागे सरासरी ८० सेंट मिळत होते, ते १९३२ मध्ये ३२ सेंटवर आले. काही गावांत त्याहूनही खाली. कोळशापेक्षा मका जाळणं परवडतं म्हणून लोकांनी शेगडीत मका घातला.

एक हिशेब मांडून पाहू. शेतकरी काल्पनिक आहे, मक्याचे भाव खरे. त्याच्याकडे ८० एकर मका, एकरी ४० बुशेल, म्हणजे एकूण ३,२०० बुशेल. जमिनीवर ६,००० डॉलरचं कर्ज, व्याज सहा टक्के, म्हणजे वर्षाला ३६० डॉलर. १९२९ मध्ये मका विकून त्याच्या हाती २,५६० डॉलर आले. व्याज दिलं, जमिनीचा कर २०० डॉलर भरला, बियाणं-मजुरी-दुरुस्ती मिळून ७०० गेले, तरी तेराशे उरले. त्यातून घर चालतं आणि मुद्दलही फिटतं. १९३२ मध्ये तेवढाच मका पिकवून १,०२४ डॉलर आले. व्याज तेच ३६०. कर तोच २००, कारण शाळेचा आणि रस्त्याचा खर्च मक्याच्या भावाबरोबर उतरत नाही. मजुरी-बियाणं थोडं उतरून ५५० झालं. बेरीज १,११०. घरात खायला आणण्याआधीच ८६ डॉलरची तूट. पीक बुडालं नाही, माणूस आळशी झाला नाही, हप्ता वाढला नाही. फक्त भाव गेला.

हेच मक्यात मोजा. १९२९ मध्ये त्याचं कर्ज ७,५०० बुशेलांचं होतं. समजा, तो फार काटकसरी निघाला आणि पोटाला चिमटा घेऊन तीन वर्षांत त्याने १,५०० डॉलर मुद्दल फेडलं. कर्ज ४,५०० वर आलं, म्हणजे चौथा हिस्सा फिटला. पण ३२ सेंटच्या भावाने ४,५०० डॉलर म्हणजे १४,००० बुशेलांच्या वर. चौथाई कर्ज फेडल्यावर मक्याच्या मापात त्याचं देणं जवळजवळ दुप्पट झालं.

अख्ख्या देशासाठी हाच हिशेब अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये मांडला. त्यांचा अंदाज असा की तोवर लोकांनी देशातलं एकूण कर्ज सुमारे २० टक्क्यांनी कमी केलं होतं, पण दरम्यान डॉलरची खरेदीशक्ती ७५ टक्क्यांनी वाढली. ०.८ ला १.७५ ने गुणा, १.४ येतात. फेडूनही बोजा ४० टक्क्यांनी वाढला. कर्जदार जितकं फेडतात तितकं जास्त देणं लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. हेच फिशर १९२९ च्या ऑक्टोबरात, बाजार कोसळण्याच्या काही दिवस आधी, शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोचलेत असं म्हणाले होते आणि त्यात स्वतःची संपत्ती घालवून बसले. सिद्धांत त्यानंतर सुचला.

पण फेडल्याने कर्ज वाढतं कसं? एकट्या माणसाच्या बाबतीत तर ते घटतंच. हे कोडं मला कॅश क्रेडिटच्या, म्हणजे गोदामातल्या मालावर उचल देणाऱ्या खात्यांमुळे उलगडलं, म्हणून तेच दाखवतो.

विदर्भातला एखादा जिनिंगवाला घ्या. गोदामात ४० लाखांच्या गाठी आणि सरकी आहे. बँक २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा हिस्सा, धरते. मग ४० लाखांच्या मालावर ३० लाखांची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल करायची मर्यादा. तेवढे त्याने उचललेत. दर महिन्याला तो स्टॉक स्टेटमेंट देतो आणि बँक माल चालू भावाने धरते. आता कापसाचा भाव २० टक्के उतरला. एक गाठही कमी झाली नाही, पण माल झाला ३२ लाखांचा आणि ड्रॉइंग पॉवर २४ लाखांची. खात्यात उचल ३० लाखांची. सहा लाखांची तूट. शाखेतून फोन जातो, "शेठ, खातं इर्रेग्युलर झालंय, सहा लाख भरा." सलग ९० दिवस ते तसंच राहिलं तर खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं.

आता हे सहा लाख आणायचे कुठून? गाठी विकून. पहिल्या झटक्यात वाटतं, सहा लाखांच्या गाठी विकल्या की काम झालं. तसं होत नाही. सहा लाखांचा माल गेला की गोदामात उरला २६ लाखांचा आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर साडेएकोणीस. कर्ज २४ लाख. तूट अजून साडेचार लाखांची. कारण विकलेल्या प्रत्येक रुपयामागे कर्ज एक रुपयाने उतरतं, पण उचल करायची मर्यादाही पाऊण रुपयाने उतरते. तूट भरून निघते ती रुपयामागे फक्त चार आणे. म्हणजे बाहेरून पैसा घालायला नसेल तर सहा लाखांची तूट मिटवायला २४ लाखांचा माल विकावा लागतो. गोदामात आठ लाखांचा माल उरतो आणि कर्ज सहा लाखांवर येतं. धंदा पाव हिश्श्यावर.

हे एकाच जिनिंगचं असेल तर बाजाराला कळणारही नाही. पण भाव उतरला तेव्हा आसपासच्या सगळ्याच जिनिंगना त्यांच्या त्यांच्या बँकेतून तोच फोन गेलेला असतो. सगळे एकाच आठवड्यात गाठी बाजारात आणतात. घेणारे पाहतात की हे अडलेत, आणि भाव आणखी पाच-दहा टक्के पाडतात. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये उरलेल्या मालाची किंमत पुन्हा खाली, आणि पुन्हा फोन. कोणाचंच वागणं चुकीचं नसतं. बँक अधिकारी नियमाने चाललेला असतो, व्यापारी प्रामाणिकपणे फेडत असतो. पण सगळ्यांनी एकदम फेडायला घेतलं की त्या फेडण्यानेच भाव पडतो, आणि उरलेलं कर्ज मालाच्या मापात मोठं होतं. फिशर जे म्हणत होते ते हेच. कापसापुरतं घडलं तर त्याला आपण बाजार पडला म्हणतो. जमीन, घरं, शेअर, धान्य, पोलाद, सगळीकडे एकदम घडलं तर ती चलनघट.

तुम्ही म्हणाल, मग कर्ज देणाऱ्याचं तरी भलं होत असेल. त्याला जास्त किमतीचे पैसे परत मिळतात. कागदावर हो. पहिल्या काही महिन्यांत खरोखरही हो. ठेवीवर किंवा ठरलेल्या पेन्शनवर जगणाऱ्याला स्वस्ताई गोडच लागते. पण कर्जदार थकला की देणाऱ्याच्या हाती उतरत्या भावाची जमीन येते. आयोवात एकरी अडीचशेची जमीन १९३३ पर्यंत सत्तरच्या आसपास आली होती. ती लिलावात काढून बँकेचं मुद्दलही निघेना. तिथे तर लिलावही नीट होईनात. शेजारचे शेतकरी घोळका करून यायचे, बाहेरच्याला बोली लावू द्यायचे नाहीत, घोडा-नांगर काही सेंटांना घ्यायचे आणि मूळ मालकाला परत करायचे. अशा लिलावांना पेनी ऑक्शन म्हणत. २७ एप्रिल १९३३ ला ले मार्स गावात गहाणवटीच्या दाव्यांवरून जमावाने न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना कोर्टातून ओढून बाहेर नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. ते वाचले, पण राज्यपालांनी त्या काउंटीत लष्करी कायदा पुकारला.

वसुली होईना म्हणून बँका बसल्या. अमेरिकेत १९३० ते १९३३ दरम्यान सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. बँक बुडते तेव्हा ठेवीदाराचा खर्च करण्याजोगा पैसाच नाहीसा होतो. एकूण पैशाचा साठा त्या काळात जवळपास एक तृतीयांशाने आटला. आटलेल्या पैशात तेवढेच व्यवहार करायचे तर भाव आणखी पडणारच. म्हणून सावकार जिंकला आणि कुळ हरलं असा हा खेळ राहत नाही. काही काळाने दोघंही बुडतात.

इथे कोणीही विचारेल की मग व्याजदर का उतरवत नाहीत. उतरवतात, पण शून्याशी जाऊन अडतात. महागाई चार टक्के असताना मध्यवर्ती बँकेने दर दोनवर आणला तर कर्ज घेणं खरोखर स्वस्त होतं, कारण रुपयाची किंमत व्याजापेक्षा वेगाने घटते. भाव तीन टक्क्यांनी पडत असतील तर फुकट, शून्य टक्क्याने दिलेलं कर्जही तीन टक्क्यांचं पडतं. शून्याच्या फार खाली जाता येत नाही, कारण मग लोक नोटा काढून घरात ठेवतील. जपानच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी १९९९ मध्ये दर शून्यावर नेला, तरी तिथल्या कंपन्या नवं कर्ज काढण्याऐवजी जुनं फेडत बसल्या. महागाई फार झाली तर दर वाढवायला वर कितीही जागा असते. उलट बाजूला जागा थोडी, आणि मध्यवर्ती बँका चलनघटीला जास्त भितात त्याचं मोठं कारण हे आहे.

आपल्याकडे हे कधी झालं का? झालं, आणि त्याच वर्षांत. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक जुलै १९१४ ला १०० धरून काढलेला असे. १९२९ मध्ये तो १४१ होता, १९३३ मध्ये ८७. म्हणजे १९२९ मध्ये घेतलेलं शंभर रुपयांचं कर्ज चार वर्षांनी, व्याज सोडून, मालाच्या मापात १६२ रुपयांचं झालं. हा सगळ्या मालाचा मिळून निर्देशांक आहे, शेतमालाला फटका याहून जास्त बसला. ब्रिटिश हिंदुस्थानातलं ग्रामीण कर्ज १९३१ च्या केंद्रीय बँकिंग चौकशी समितीने सुमारे ९०० कोटी रुपयांचं धरलं होतं. मुंबई इलाख्यातल्या रयतेला सावकाराचं व्याज तर होतंच, शिवाय शेतसारा रोखीत आणि तोही साधारण तीस वर्षांसाठी ठरवलेला. तो कर्ज नव्हता, पण चलनघटीत ठरलेला रोख आकडा कर्जासारखाच वागतो. ज्वारी स्वस्त झाली म्हणून सारा आपोआप उतरत नाही.

त्यात सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोन्याशी असलेलं पौंडाचं नातं तोडलं, पौंड सोन्याच्या मापात घसरला, आणि रुपया पौंडाला बांधलेला राहिला. त्यामुळे सगळं पडत असताना सोन्याचा रुपयांतला भाव मात्र चढला. तोळ्याला २१-२२ रुपये होता तो काही महिन्यांत तिशीच्या आसपास गेला. ज्यांचा मालच खपत नव्हता त्यांच्या घरात भाव वाढलेली एकच वस्तू उरली होती, बाईच्या अंगावरचे दागिने. १९३१-३२ या एका वर्षात देशाबाहेर सुमारे ५८ कोटी रुपयांचं सोनं गेलं आणि पुढची काही वर्षं ते जातच राहिलं. ते सगळं अडलेल्यांचं होतं असं मी म्हणणार नाही. चढा भाव पाहून नफ्यासाठी विकणारेही होते. पण सारा आणि व्याज भरायला दागिना मोडलेली घरं त्यात भरपूर होती. मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जदारांच्या दिलाशाचा कायदा झाला तो थेट १९३९ मध्ये, भाव पडायला लागल्यावर दहा वर्षांनी.

यातून बाहेर पडायचं तर वाटा दोनच आहेत, एक तर भाव वर आणा, नाही तर कर्जाचा आकडा खाली आणा. अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन्ही केलं. मार्च १९३३ मध्ये त्यांनी देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवून तपासल्या. एप्रिलमध्ये डॉलर सोन्यापासून सोडवला, आणि जानेवारी १९३४ मध्ये सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ वरून ३५ डॉलर केला. भाव वर जाऊ द्यायचे हे सरकारनेच ठरवलंय असं दिसताच १९३३ च्या वसंतातच शेतमाल चढायला लागला. दुसरीकडे सरकारी कर्जसंस्थांनी गहाणखतं कमी व्याजाने आणि लांब मुदतीने बदलून दिली, आणि आयोवासारख्या राज्यांनी जप्तीला स्थगिती दिली.

यात एक बारकावा आहे. तेव्हाच्या अनेक अमेरिकन करारांत "परतफेड सोन्याच्या मापाने" अशी अट असे. सोनं ३५ ला नेलं आणि ती अट तशीच राहिली असती, तर त्या कर्जदारांचा आकडा एका रात्रीत ६९ टक्क्यांनी वाढला असता, म्हणजे औषधच बाधलं असतं. म्हणून जून १९३३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने ती अटच रद्द केली. धनको सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी सरकार कसंबसं जिंकलं. हा निकाल उलटा गेला असता तर पुढचं सगळं गणित बिघडलं असतं.

आता तुमच्या पाव टक्क्याकडे येऊ. ऑक्टोबर २०२५ चा तो आकडा मुख्यतः भाज्या-डाळी गेल्या वर्षापेक्षा उतरल्यामुळे आणि जीएसटी कपातीमुळे आला. अन्नपदार्थांचा दर त्या महिन्यात उणे पाच टक्क्यांच्या आसपास होता. अन्न आणि इंधन वगळून उरलेल्या गोष्टींची महागाई चार टक्क्यांच्या वरच होती, म्हणजे घरभाडं, शाळेची फी, दवाखाना यांपैकी काही पडत नव्हतं. ती चलनघट नव्हती. २०२३ मध्येही काही महिने घाऊक महागाई शून्याखाली होती आणि तेव्हाही काही गोठलं नाही. मी अशा वेळी एकाच आकड्याकडे न पाहता तीन गोष्टी पाहतो. घसरण सेवांपर्यंत पोचलीय का, पगार आणि मजुरीचे दर खाली येतायत का, आणि लोक धंदा वाढवायला कर्ज काढण्याऐवजी मालमत्ता विकून कर्ज फेडतायत का. तिन्ही एकदम दिसली तर काळजी करायची.

मात्र देशाची सरासरी ठीक असली तरी एखाद्याच्या घरात चलनघट असू शकते. नाशिकच्या कांदावाल्याला देशाचा निर्देशांक काय करायचाय? त्याचं सगळं उत्पन्न एका पिकाचं. कांद्याचा भाव निम्म्यावर आला की त्याचं पीककर्ज त्याच्यापुरतं दुप्पट झालं. तुमच्या-माझ्या ताटातली स्वस्ताई आणि त्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा एकाच आकड्यातून येतात.

तुमच्या वीस लाखांचं म्हणाल तर तुमचं उत्पन्न पगाराचं आहे असं धरतो. कांद्या-टोमॅटोच्या भावाने तुमचा हप्ता जड होणार नाही, उलट घरखर्चातून थोडे पैसे सुटतील. हप्ता जड होईल तो पगारवाढ थांबली किंवा पगार कापला गेला तर. कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर अशा काळात रिझर्व्ह बँक दर उतरवते आणि तुमचं व्याज काही प्रमाणात खाली येतं. जुन्या स्थिर दराचं असेल तर येत नाही. त्यामुळे मंजुरीपत्र काढून तुमचा दर कशाला बांधलाय आणि किती महिन्यांनी बदलतो तेवढं आधी पाहा. स्थिर दर असेल तर बदलून घ्यायला किती शुल्क लागतं ते शाखेत विचारा.